कासव आणि ससा भेटतात ते घर उत्तर नसतं, मग उत्तर सापडतं कसं?

प्रश्न: `n+1` संख्यांचा ॲरे आहे, प्रत्येक संख्या `1` ते `n` मधली, त्यात एकच संख्या पुन्हा आली आहे. ॲरे बदलायचा नाही आणि जास्तीची मेमरीही वापरायची नाही. फ्लॉइडची सायकल शोधायची पद्धत वापरतात हे वाचलं, कोडही चालतो. पण ॲरेमध्ये सायकल येते कुठून? आणि दोन पॉइंटर भेटल्यावर एकाला पुन्हा सुरुवातीला नेऊन दोघांना एकेक पाऊल चालवलं की बरोबर तीच संख्या कशी मिळते? हा दुसरा भाग मला अजिबात पटत नाही.

उत्तर:

दुसरा भाग न पटण्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या भागात असतं. ॲरेमधली सायकल नेमकी कशाची बनलेली आहे हे नीट दिसलं, की दुसरा भाग चार ओळींत सुटतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू, आणि हातात एक खराखुरा ॲरे घेऊन करू:

```
index:  0  1  2  3  4  5  6  7  8  9
a:      4  5  6  1  7  8  2  5  3  9
```

इथे `n` म्हणजे ९ आणि घरं १०. `5` दोनदा आला आहे, `1` आणि `7` या घरांत.

आता प्रत्येक घरातल्या संख्येकडे संख्या म्हणून न बघता पुढच्या घराचा पत्ता म्हणून बघा. घर `0` मध्ये `4` आहे, म्हणजे `0` वरून `4` कडे जायचं. `4` मध्ये `7` आहे, म्हणजे `7` कडे. कुठल्याही घरातली संख्या `1` ते `n` मधलीच आहे आणि घरांचे नंबर `0` ते `n` आहेत, त्यामुळे पत्ता कधीच चुकीचा निघत नाही. प्रश्नातल्या `1` ते `n` या अटीचं पहिलं काम हेच आहे. ती अट नसती तर चालणारा ॲरेच्या बाहेर पडला असता.

या चित्रात प्रत्येक घरातून बरोबर एक बाण बाहेर जातो. पण एखाद्या घरात किती बाण येतात? समजा घर `5`. ज्या ज्या घरात `5` ही संख्या लिहिली आहे, तिथून एकेक बाण घर `5` मध्ये येणार. म्हणजे घर `v` मध्ये येणारे बाण आणि `v` ही संख्या ॲरेमध्ये कितीदा आली तो आकडा, या दोन्ही एकच गोष्टी. एवढं एक वाक्य पक्कं धरा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पुन्हा आलेली संख्या शोधायची म्हणजे ज्या घरात दोन किंवा जास्त बाण येतात ते घर शोधायचं. आणि `0` ही संख्या ॲरेमध्ये नाहीच, म्हणून घर `0` मध्ये एकही बाण येत नाही.

आता `0` वरून चालायला लागू:

```
0 -> 4 -> 7 -> 5 -> 8 -> 3 -> 1 -> 5 -> 8 -> 3 -> 1 -> ...
```

घरं मोजकीच आहेत आणि चालणं कधी थांबत नाही, म्हणजे कधी ना कधी आधी बघितलेलं घर पुन्हा येणारच. ते पुन्हा आलं की पुढचा सगळा रस्ताही पुन्हा तसाच चालणार, कारण एका घरातून जायला एकच वाट आहे. हीच ती सायकल. ती ॲरेमध्ये कुणी वेगळी ठेवलेली नाही, मर्यादित घरांत न थांबता चालण्यातून ती आपोआप तयार होते. आपल्या रस्त्यात `0, 4, 7` ही सायकलच्या आधीची शेपटी आहे आणि `5, 8, 3, 1` ही सायकल.

शेपटी सायकलला जिथे मिळते त्या घराकडे, `5` कडे, नीट बघा. तिथे एक बाण शेपटीतून येतो, `7` वरून. दुसरा सायकल पूर्ण करून येतो, `1` वरून. `7` आणि `1` ही दोन वेगळी घरं आहेत आणि दोन्हींत `5` लिहिलेलं आहे. म्हणून सायकलचं तोंड म्हणजे पुन्हा आलेली संख्या. यात योगायोग काही नाही. शेपटी निदान एका घराची असली की सायकलच्या तोंडावर दोन बाण येणारच. आणि `0` मध्ये बाणच येत नसल्यामुळे `0` सायकलमध्ये असूच शकत नाही, म्हणजे शेपटी निदान एका घराची असतेच. `0` पासून सुरू करायचं कारणही हेच.

या ॲरेमध्ये `2` आणि `6` एकमेकांकडेच बोट दाखवतात आणि `9` स्वतःकडेच. या दोन सायकली आपल्या रस्त्याला लागतही नाहीत. पण तुम्ही `2` पासून चालायला लागलात तर उत्तर `2` येईल आणि `9` पासून निघालात तर `9`, दोन्ही चूक. कारण तिथे शेपटीच नाही, तोंडावर एकच बाण आहे. माझ्याकडे येणाऱ्या कोडमध्ये ही चूक नेहमी दिसते: संख्या `0` ते `n-1` अशा असतात आणि तरी सुरुवात `0` पासूनच केलेली असते. त्या मांडणीत `0` मध्ये बाण येऊ शकतो. बाण न येणारं घर तिथे शेवटचं, म्हणजे `n`, तेव्हा सुरुवात तिथून करायची. सुरुवात कुठून करायची ते पाठ करू नका. जी संख्या ॲरेमध्ये येऊच शकत नाही त्या नंबरचं घर शोधा आणि तिथून निघा.

आता कासव आणि ससा. दोघेही `0` वर. कासव एका वेळी एक पाऊल टाकतं, ससा दोन:

```
पाऊल   कासव   ससा
 0       0      0
 1       4      7
 2       7      8
 3       5      1
 4       8      8
```

चौथ्या पावलाला दोघे `8` वर भेटले. `8` हे उत्तर नाही, ही संख्या ॲरेमध्ये एकदाच आहे. भेट सायकलमध्ये कुठे तरी होते, तोंडावरच होईल असं नाही. भेटीचंच घर उत्तर म्हणून परत करणारा कोड काही ॲरेंवर बरोबरही चालतो, त्यामुळे ही चूक पकडायला वेळ लागतो.

भेट होणार हे नक्की कशावरून? कासव सायकलमध्ये शिरेपर्यंत ससा आधीच आत असतो. त्यानंतर दर पावलाला ससा कासवाच्या एका घराने जवळ येतो. अंतर दर वेळी बरोबर एकने कमी होत असल्यामुळे ससा कासवावरून उडी मारून पुढे जाऊ शकत नाही, अंतर शून्य होतंच.

आणि आता तुमचा खरा प्रश्न. भेट झाली तेव्हा कासव `k` पावलं चाललं होतं, ससा `2k`. दोघे एकाच घरात उभे आहेत, म्हणजे सशाने जी जास्तीची `k` पावलं टाकली ती सायकलच्या पूर्ण फेऱ्यांमध्येच गेली. दुसऱ्या शब्दांत, `k` ला सायकलच्या लांबीने पूर्ण भाग जातो. आपल्या उदाहरणात `k` चार आणि सायकलही चारचीच.

समजा शेपटी `m` पावलांची आहे, म्हणजे `0` वरून `m` पावलं टाकली की आपण बरोबर तोंडावर. ही `m` किती हे आपल्याला माहीत नाही. आता भेटीच्या घरात उभ्या असलेल्याला आणखी `m` पावलं चालवा. सुरुवातीपासून त्याची एकूण `m + k` पावलं झाली. पण `m` पावलांनी तोंडावर पोहोचायचं आणि त्यानंतर `k` पावलं म्हणजे पूर्ण फेऱ्याच, ज्या पुन्हा तोंडावरच आणून सोडतात. म्हणजे भेटीच्या घरातून `m` पावलांवर तोंड आहे. आणि `0` पासूनही `m` पावलांवर तोंडच आहे. एकाला `0` वर ठेवलं, दुसऱ्याला भेटीच्या घरात, दोघांना एकेक पाऊल चालवलं, तर `m` पावलांनी दोघे तोंडावर एकत्र येणारच, `m` माहीत नसली तरी. त्याआधी ते भेटू शकत नाहीत, कारण तोपर्यंत पहिला शेपटीत असतो आणि दुसरा सायकलमध्ये.

आपल्या ॲरेवर: एक `0` वर, दुसरा `8` वर. पहिलं पाऊल, `4` आणि `3`. दुसरं, `7` आणि `1`. तिसरं, `5` आणि `5`. आणि बघा, तिसऱ्या पावलाच्या आधी दोघे कुठे उभे होते? `7` वर आणि `1` वर. `5` ज्या दोन घरांत लिहिला आहे तीच ही दोन घरं. भेटायच्या आधीच्या पावलाला दोघांच्या जागा लक्षात ठेवल्या तर संख्या कुठे कुठे आली आहे त्यातल्या दोन जागाही फुकट मिळतात.

कोड असा:

```python
def find_duplicate(a):
    slow = a[0]
    fast = a[a[0]]
    while slow != fast:
        slow = a[slow]
        fast = a[a[fast]]

    slow = 0
    while slow != fast:
        slow = a[slow]
        fast = a[fast]
    return slow
```

`slow` आणि `fast` मध्ये घराचा नंबर आहे, संख्या नाही. सुरुवातीच्या दोन ओळी म्हणजे `0` वरून टाकलेलं पहिलं पाऊल. ते लूपच्या बाहेर घेतलं आहे, नाहीतर दोघे `0` वरच सारखे असल्यामुळे `while` एकदाही फिरणार नाही.

या जागी एक चूक होते ती फार चिवट आहे. काही कोडमध्ये दोघेही `a[0]` पासून निघतात आणि भेटीनंतर `slow` ला पुन्हा `a[0]` वर आणतात. तेही बरोबर आहे, तिथे सुरुवातच एक घर पुढे सरकवली आहे. पण दोन्ही पद्धतींची भेसळ झाली, वर माझ्यासारखी सुरुवात आणि खाली `slow = a[0]`, तर हिशेब एका पावलाने चुकतो. आपल्याच ॲरेवर बघा: `slow` जातो `4` वर, `fast` असतो `8` वर. पुढे `7` आणि `3`, मग `5` आणि `1`, मग `8` आणि `5`, मग `3` आणि `8`. दोघे सायकलमध्ये एकमेकांच्या मागे कायम तेवढ्याच अंतरावर फिरत राहतात आणि प्रोग्रॅम कधीच थांबत नाही. दोघांचा वेग सारखा, म्हणून अंतर मिटत नाही.

चिवट अशासाठी, की सायकल एकाच घराची असेल तर हीच चूक दिसतच नाही. `[2, 2, 2, 2, 2]` वर भेसळीचा कोडही व्यवस्थित `2` देतो. म्हणून प्रोग्रॅम काही ॲरेंवर उत्तर देतोय आणि काहींवर अडकून बसतोय असं दिसलं, तर सगळ्यात आधी सुरुवातीची ओळ आणि मधली `slow = ...` ही ओळ एकाच घरापासून निघतात का ते तपासा.

या `[2, 2, 2, 2, 2]` चा आणखी एक उपयोग आहे. बरेच जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा सगळ्यांची बेरीज करून त्यातून `1` ते `n` ची बेरीज वजा का करू नये? संख्या बरोबर दोनदाच आली असेल तर जरूर करा, एका ओळीचं काम आहे. पण “पुन्हा आली आहे” याचा अर्थ दोनदाच असा नाही. या ॲरेची बेरीज १० आणि `1` ते `4` ची बेरीजही १०. वजाबाकी शून्य. एक्सॉरची युक्तीही इथे चुकते, ती `6` देते, जी ॲरेमध्ये नाहीच. बाणांच्या चित्राला मात्र काही फरक पडत नाही. घर `2` मध्ये पाच बाण येतात, त्यातले दोन आपल्या रस्त्यावर आहेत, तेवढे पुरेत.

तसंच एकापेक्षा जास्त वेगवेगळ्या संख्या पुन्हा आल्या असतील तर ही पद्धत त्यातली एक देते, `0` पासूनच्या रस्त्यावर जी लागेल ती. बाकीच्या मिळत नाहीत. कुठली संख्या गायब आहे तेही यातून कळत नाही.

खर्च किती? शेपटी आणि सायकल मिळून जास्तीत जास्त `n+1` घरं. पहिल्या टप्प्यात फार तर `n` पावलं, दुसऱ्यात फार तर `n`. पहिल्या टप्प्यात दर पावलाला तीनदा ॲरे वाचावा लागतो आणि दुसऱ्यात दोनदा, म्हणजे सगळं मिळून `5n` च्या आत. मेमरी फक्त दोन नंबरांची.

पण हा आकडा बघून ही सगळ्यात वेगवान पद्धत आहे असं समजू नका. एक कोटी संख्यांचा ॲरे घ्या, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे चार कोटी बाइट. कासव आणि ससा त्यात कुठूनही कुठेही उड्या मारतात. शिवाय पुढचा पत्ता आधीचं वाचन हाती आल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे प्रोसेसरला पुढचं आधीच आणून ठेवता येत नाही आणि तो बराच वेळ मेमरीची वाट बघत बसतो. त्याउलट दर संख्येला एक बिट असा तक्ता ठेवला तर एक कोटी बिट म्हणजे फक्त साडेबारा लाख बाइट लागतात. ॲरे सरळ पहिल्यापासून वाचत जायचं, बिट आधीच लागलेला दिसला की थांबायचं. नोकरीतल्या कामात मी हाच मार्ग घेतो, आणि तुम्हीही घ्यावा.

मेमरी खरोखरच नसेल आणि ॲरे फक्त वाचता येत असेल, तरी आणखी एक पर्याय हाताशी असू द्या. `5` किंवा त्याहून लहान संख्या मोजा. आपल्या ॲरेमध्ये त्या सहा आहेत. पाच नंबरांमध्ये सहा संख्या बसवल्या म्हणजे पुन्हा आलेली त्यांच्यातच. मग `3` पर्यंतच्या मोजा, तीनच आहेत, म्हणजे उत्तर `4` किंवा `5`. `4` पर्यंतच्या मोजल्या तर चार, म्हणून उत्तर `5`. दर वेळी ॲरे पूर्ण वाचावा लागतो आणि `n` च्या लॉगइतक्या फेऱ्या होतात, पण वाचन सरळ रांगेत असतं. समजवायलाही ही पद्धत सोपी आहे. घरातल्या संख्येला उणे चिन्ह लावून “इथे येऊन गेलो” अशी खूण करण्याची युक्ती मात्र तुमच्या अटीत बसत नाही, तिथे ॲरे बदलतो.

मग फ्लॉइडची पद्धत शिकायची कशाला? कारण ॲरे हा तिचा सगळ्यात लहान उपयोग आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९६९ मध्ये या पद्धतीचं श्रेय रॉबर्ट फ्लॉइड यांना दिलं, आणि तिथे बाण ॲरेमध्ये लिहिलेले नसतात, फंक्शनने काढलेले असतात. १९७५ मध्ये जॉन पोलार्ड यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडायला हीच शेपटी आणि सायकल वापरली. शेपटीसकट सायकल काढली की ती ग्रीक अक्षर ऱ्होसारखी दिसते, म्हणून त्या पद्धतीचं नावच पोलार्ड ऱ्हो. तिथे घरांची संख्या इतकी प्रचंड असते की बिटचा तक्ता ठेवण्याचा विचारही करता येत नाही. रस्ता मात्र लहान असतो, कारण बाण कुठेही पडत असतील तर घरांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पावलांतच एखादं घर पुन्हा येतं. आपल्या ॲरेमध्ये तसं नाही. इथे एक संख्या सोडली तर बाकीच्या एकेकदाच असतात, म्हणून रस्ता `n` च्या प्रमाणात लांब जाऊ शकतो.

शेवटी तपासणी. या फंक्शनला चुकीचा ॲरे दिला तर ते तक्रार करत नाही. एखादी संख्या `n` च्या वर असेल आणि रस्त्यात लागली तर पायथॉन निदान इंडेक्सची एरर देतं. पण `0` शिरला असेल, समजा `[1, 0, 2]`, तर रस्ता `0` आणि `1` मध्येच फिरतो आणि फंक्शन शांतपणे `0` परत करतं. बाहेरून आलेल्या डेटावर वापरायचं असेल तर मिळालेली संख्या ॲरेमध्ये निदान दोनदा आहे का, हे एका फेरीत मोजून घ्या. त्यालाही जास्तीची मेमरी लागत नाही.

आणि स्वतःचा कोड पारखायला चार-दोन ॲरे निवडत बसू नका, लहान `n` साठी सगळेच चालवा. `n` चार असेल तर `1` ते `4` मधल्या पाच संख्यांचे एकूण १०२४ ॲरे होतात:

```python
from itertools import product

n = 4
for a in product(range(1, n + 1), repeat=n + 1):
    assert a.count(find_duplicate(a)) >= 2
```

यात एका घराच्या सायकलपासून चार घरांच्या सायकलपर्यंत सगळं येऊन जातं. वर सांगितलेली भेसळ तुमच्या कोडमध्ये असेल तर प्रोग्रॅम इथेच अडकेल, आणि भेटीचंच घर परत केलं असेल तर `assert` मोडेल. `product` प्रत्येक ॲरे टपल म्हणून देतं आणि टपल बदलता येत नाही, त्यामुळे ॲरेला हात न लावण्याची अट तुम्ही पाळली आहे का तेही याच चाचणीत कळतं.